शेजारी बिनपरवाना मजला चढतोय: फोटोतली तारीख सिद्ध कशी होते

प्रश्न: पश्चिम उपनगरात आमच्या शेजाऱ्यांचे तळमजला अधिक एक असे जुने घर आहे. गेल्या पंधरवड्यापासून गच्चीला ताडपत्री लावून दुसरा मजला चढवणे चालू आहे. विचारले तर म्हणतात, "गळतीचं काम आहे." मी मोबाइलमधून तारखेसकट फोटो काढले आहेत. महापालिकेत तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची? या फोटोंना किंमत आहे का? माझे नाव गुप्त राहील का?

उत्तर: फोटोंना किंमत आहे, पण फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत उमटलेल्या तारखेला फारशी नाही. ती तारीख फोनच्या सेटिंगमधून किंवा एखाद्या अॅपमधून कुणालाही हवी तशी टाकता येते आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच बोलतो. फोटोची खरी तारीख ठरते ती वॉर्ड ऑफिसच्या आवक शिक्क्याने. १५ तारखेचा शिक्का असलेल्या तक्रारीला जो फोटो जोडलेला आहे, तो १५ तारखेनंतर काढला असे कुणी म्हणू शकत नाही. म्हणून फोटो साठवून ठेवून एकदम "भक्कम केस" घेऊन जाऊ नका. जसजसे काम चढते तसतसे हप्त्याहप्त्याने दाखल करा.

याला इतके महत्त्व का, ते मालकाच्या बचावातून कळेल. नोटीस आली की मालक सहसा "मी बांधलंच नाही" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "हे जुनंच आहे, मी फक्त दुरुस्ती केली." मुंबईत जुन्या बांधकामांसाठी एक सीमारेषा मानली जाते: निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ च्या आधीचे आणि अनिवासी १ एप्रिल १९६२ च्या आधीचे असेल, तर महापालिका ते सहन करते, पाडत नाही. त्यामुळे नवाकोरा मजलाही कागदावर साठ वर्षांचा होतो. आजोबांच्या नावाची विजेची बिले, मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या आणि एखाद्या वयस्कर भाडेकरूचे प्रतिज्ञापत्र असा गठ्ठा येतो. पावत्या खऱ्या असतात, पण त्या खालच्या घराच्या असतात. वरचा मजला तेव्हा नव्हता हे दाखवायला तुमच्या फोटोंशिवाय त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा दुसरे काहीच नसते.

दुसरे कारण वेळेचे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये या कामासाठी दोन कलमे वापरतात. काम चालू असेल तर कलम ३५४अ: काम ताबडतोब थांबवा आणि २४ तासांत परवानगी दाखवा. दाखवली नाही तर पुन्हा नोटीस न देता ते काढून टाकण्याचा अधिकार महापालिकेला आहे. काम पूर्ण झाले असेल तर कलम ३५१: कारणे दाखवा नोटीस, मालकाचे उत्तर, मग लेखी कारणांसह आदेश. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस आणि आदेशानंतर आणखी १५ दिवस द्यावे लागतात. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा जागांवरचे अतिक्रमण त्यातून वगळले आहे, पण खासगी घरावरचा मजला त्या अपवादात बसत नाही. एकदा वर माणसे राहायला आली आणि जून उजाडला की राहत्या घरावरची कारवाई सहसा पावसाळ्यानंतरच होते. म्हणजे तुमची सगळी धडपड ३५४अ च्या टप्प्यातली. काम चालू असताना ते चालू आहे हे दाखवता आले, तर पुढचे अर्धे झगडे टळतात.

आता फोटो कसे हवेत ते सांगते. पहिला फोटो काम सुरू होण्यापूर्वीचा. तो बहुतेकांकडे असतो, फक्त ठाऊक नसतो. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेते. तपशील ओळखू येऊ नयेत इतपत बदलले आहेत. बाईंनी ३० मार्च २०२५ ला, म्हणजे गुढीपाडव्याला, खिडकीतल्या गुढीचा फोटो घरच्यांना पाठवला होता. गुढीच्या मागे शेजारची उघडी गच्ची, काळी सिंटेक्स टाकी आणि दोरीवरचे कपडे स्वच्छ दिसत होते. त्या प्रकरणातला सगळ्यात भारी पुरावा तोच ठरला. तुम्हीही गणपती, वाढदिवस, गच्चीवरचे पापड, जे असेल ते चाळा. गुगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी उपग्रहचित्रे तारखेनुसार मागे नेऊन पाहता येतात. तिथे उघडी गच्ची आणि त्यावरची टाकी ओळखू आली तर त्याचीही प्रत काढून ठेवा. चित्र धूसर असेल, उंची त्यातून मोजता येणार नाही, पण टाकीच्या जागी पत्रा कधी आला एवढे कळते.

पुढचे फोटो एकाच जागेवरून काढा, शक्यतो स्वतःच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून. प्रत्येक फोटोत न हलणारी एखादी वस्तू यावी: तुमच्या ग्रिलची कड, विजेचा खांब, नारळाचे झाड. म्हणजे फोटो शेजारी शेजारी ठेवले की भिंत किती वर आली ते अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. एक फोटो लांबून संपूर्ण घराचा, तळमजल्यापासून वरपर्यंत, कारण जवळून काढलेल्या विटांच्या फोटोवरून घर कोणते हेच कळत नाही. ताडपत्रीमुळे आतले दिसत नसेल तर बाहेरचे टिपा: दारात उतरलेल्या सळया, खडी, सिपोरेक्सचे ब्लॉक, रात्री उभा असलेला काँक्रीटचा ट्रक. गळतीच्या कामाला सळयांचे भारे लागत नाहीत.

आणि एक फोटो काहीही करून मिळवाच, तो म्हणजे स्लॅबखाली उभ्या असलेल्या टेकूंचा. स्लॅब ओतल्यावर खालचे टेकू लगेच काढता येत नाहीत. स्लॅबच्या दोन आधारांमधले अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर निदान ७ दिवस आणि त्याहून जास्त असेल तर १४ दिवस ते ठेवावेत असे भारतीय मानक सांगते. हा फोटो एका दमात दोन गोष्टी सांगतो. स्लॅब नवा आहे, आणि काम अजून चालू आहे. १९६४ च्या आधीच्या स्लॅबला टेकू लागत नाहीत, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटते.

काढू नयेत असेही फोटो आहेत. शेजाऱ्यांच्या घरातली माणसे, विशेषतः बायका, उघड्या खिडक्यांचा आतला भाग यांवर कॅमेरा रोखू नका. ड्रोन तर मुळीच नको. उलट तक्रार होते आणि बांधकाम बाजूला राहून तुम्ही पोलीस चौकीत जबाब देत बसता. मजुरांशी वाद घालत व्हिडिओ काढण्याचाही उपयोग नाही.

मूळ फाइल फोनमधून पुसू नका आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची आतली नोंद निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते (१ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या कायद्यातले ६५ब करत असे). त्यात फोन कोणता, तो कोणाच्या ताब्यात होता हे तुम्ही लिहून द्यायचे असते, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा तिचा अंकाक्षरी ठसा, हीही नमूद करावी लागते. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. आज त्याची घाई नाही. मूळ फाइल शाबूत असली की ते नंतर करता येते.

तक्रार कुठे करायची? आधी जागा कोणाच्या हद्दीत येते ते पाहा. म्हाडाच्या वसाहतींना २०१८ पासून म्हाडाच परवानगी देते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीचा किंवा कलेक्टरच्या जमिनीवरच्या घराचा रस्ता आणखी वेगळा. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज "योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित" होऊन महिनाभर फिरतो आणि तेवढ्यात स्लॅब ओतून होतो. तुमचे वर्णन खासगी भूखंडावरच्या जुन्या घराचे दिसते. तसे असेल तर तुमच्या वॉर्डचे इमारत व कारखाने खाते हे ठिकाण. अर्ज सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत त्या खात्याच्या सहायक अभियंत्यांना आणि पदनिर्देशित अधिकाऱ्यांना. नोटीस काढण्याचा अधिकार पदनिर्देशित अधिकाऱ्यांना असतो. १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तो अर्जात लिहा, पण नुसत्या फोनवर थांबू नका. फोनवरची तक्रार "पाहणी केली, काम आढळले नाही" एवढ्यावर बंद होऊ शकते, आणि तुमच्या फोटोंना तिथे जागाच नसते.

अर्ज एका पानाचा पुरे. शेजारी कसा माणूस आहे, २००९ साली पार्किंगवरून काय झाले, हे काही लिहू नका. मी साधारण असे लिहून देते:

"वरील पत्त्यावरील तळमजला अधिक एक घराच्या गच्चीवर दुसऱ्या मजल्याचे आरसीसी बांधकाम सुरू आहे. दि. ३० मार्च रोजी गच्ची उघडी होती (फोटो १). दि. ११ ते १४ एप्रिल या काळात चार कॉलमच्या सळया उभारून भरणी केली (फोटो २ ते ४). काम आजही चालू आहे. जागेची पाहणी करून कलम ३५४अ अन्वये काम तातडीने थांबवावे व केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

सीटीएस, म्हणजे नगर भूमापन क्रमांक माहीत असेल तर लिहा. तो मिळकत पत्रिकेवर असतो. नसेल तर पत्ता आणि जवळची खूण चालते. प्रत्येक फोटो कागदावर छापून खाली क्रमांक, तारीख, वेळ, कुठून काढला ते लिहा आणि सही करा. दोन प्रती न्या. एक आवक खिडकीवर द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. शिक्का फक्त पहिल्या पानावर न घेता फोटोंच्या पानांवरही मागा. कारकून कुरकुरतो, तरी मागा. "जोडपत्रे मिळाली नाहीत" हे वाक्य मी फार वेळा वाचले आहे. त्याच दिवशी तोच अर्ज आणि मूळ फोटो वॉर्डच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा.

आता बाईंच्या प्रकरणात पुढे काय झाले ते पाहा, कारण तुमचेही साधारण याच वळणाने जाईल. ११ एप्रिलच्या शुक्रवारी काम सुरू झाले. शनिवार, रविवार आणि सोमवारची आंबेडकर जयंती जोडून आली होती. सलग सुट्ट्या हा या धंद्याचा मोसम, कारण ऑफिस बंद असते आणि चार दिवसांत कॉलम उभे राहतात. मंगळवारी, १५ तारखेला, बाईंनी अर्ज दिला, पाडव्याचा फोटो जोडूनच. दोन दिवसांनी अभियंता पाहून गेला. मालकाने गळती सांगितली, ताडपत्रीखाली दोन पत्रे दाखवले, आणि तक्रार जवळजवळ तिथेच मिटली होती. १८ तारखेच्या गुड फ्रायडेला स्लॅबचा साचा, म्हणजे सेंटरिंग, लागले. बाईंनी सोमवारी दुसरा अर्ज दिला, पहिल्याचा आवक क्रमांक घालून आणि सेंटरिंगचे फोटो लावून. या वेळी अर्जात एक वाक्य वाढवले होते: "दि. १७ रोजीच्या पाहणीचा अहवाल व पंचनाम्याची प्रत मिळावी." दुसऱ्याच दिवशी ३५४अ ची नोटीस निघाली. योगायोग असेल. पण पाहणीत काय पाहिले ते कुणीतरी कागदावर मागतो आहे असे दिसले की फाइल हलते, हा माझा अनुभव आहे.

तरीही स्लॅब ओतलाच, शुक्रवारी रात्री. नोटीस लागली म्हणजे काम थांबले असे नसते. बाईंनी सकाळी टेकूंचे फोटो काढले आणि सोमवारी तिसरा अर्ज दिला. मालकाने तोवर दिंडोशीच्या दिवाणी न्यायालयात दावा टाकून मनाई हुकूम मागितला: गच्चीवरची खोली १९६० च्या आसपासची, मी फक्त डागडुजी केली. महापालिकेच्या वकिलाने फाइल उघडली तेव्हा १५ एप्रिलच्या शिक्क्याखाली उघड्या गच्चीचा फोटो होता आणि २८ एप्रिलच्या शिक्क्याखाली टेकूंवर उभा ओला स्लॅब. अंतरिम दिलासा मिळाला नाही. हेच फोटो बाईंनी मे महिन्यात एकगठ्ठा दिले असते, तर "हे नंतर बनवले" या एका आक्षेपावर दोन तारखा गेल्या असत्या.

मालक कोर्टात जाईल असे वाटले तर तुम्हाला कॅव्हिएट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका अशी कोर्टाला आगाऊ विनंती, टाकता येते. ते ९० दिवस चालते आणि त्याची प्रत मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. दावा मालक आणि महापालिका यांच्यातला असल्यामुळे तक्रारदाराला त्यात बोलू द्यायचे की नाही यावर कोर्टात खल होतो, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. तुमचे फोटो महापालिकेच्या फाइलमध्ये शिक्क्यासह असणे अधिक भरवशाचे.

दरम्यान मालक नियमितीकरणाचा अर्जही टाकू शकतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस निघाली असेल तर बांधकाम राखण्याची परवानगी मागण्याची सोय त्यात आहे, आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत हातोडा थांबतो. चटई क्षेत्र शिल्लक नसेल किंवा बाजूची मोकळी जागा कमी पडत असेल तर तो अर्ज टिकत नाही, पण वेळ मात्र मिळतो. म्हणून असा अर्ज आला आहे का आणि त्यावर निर्णय काय झाला, हे माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्रात ही मर्यादा आहे आणि लांबलचक अर्ज त्याच कारणाने परत येतात. पाहणी अहवाल, नोटीस आणि नोटिशीनंतरचा आदेश, एवढ्याच प्रती मागा. मालक मजल्यावरचा मालमत्ता कर भरल्याची पावती दाखवेल, तर घाबरू नका. अनधिकृत बांधकामावर दंडासह कर आकारण्याची तरतूद महापालिका अधिनियमातच आहे, आणि कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही हेही तिथेच म्हटले आहे.

नावाबद्दल खरे सांगते. गुप्त राहीलच असे धरून चालू नका. नाव उघड करू नये अशी विनंती अर्जात करता येते, पण तुमच्या खिडकीतून काढलेला फोटो तुमचा पत्ता सांगतोच. निनावी तक्रार करता येते, मात्र तिचा पाठपुरावा तुम्हाला करता येत नाही आणि तक्रारदार म्हणून पाहणीचा अहवालही मागता येत नाही. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि त्याची प्रत वॉर्डच्या फाइलला लावा. याउलट, मिटवामिटवीची बोलणी सुरू झाली तर फोनवर किंवा मेसेजमध्ये पैशाचा विषय तुमच्याकडून निघू देऊ नका, गमतीतही नाही. भिंतीला गेलेल्या तड्याची भरपाई मागायची असेल तर ती वकिलामार्फत, नोटिशीने मागा. तक्रारदारावर खंडणीचा गुन्हा नोंदवून तक्रार मागे घ्यायला लावण्याचे प्रकार मुंबईत होतात.

भिंतीचे तडे आणि अडलेला उजेड हे महापालिकेचे काम नव्हे, तो दिवाणी वाद. पण तड्यांचे फोटोही आजपासूनच घ्या, शेजारी पट्टी धरून, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. जुन्या विटांच्या भिंतीवर नवा आरसीसी मजला बसत असेल तर त्याचा लेखी अभिप्राय तक्रारीला जोडा. नुसत्या अनधिकृत कामापेक्षा धोकादायक कामाकडे ऑफिस लवकर बघते.

फोटोंचा शेवटचा हप्ता कारवाईनंतरचा, आणि तो लोक विसरतात. बाईंच्या शेजारी मे अखेरीस पथक आले, स्लॅबला पाच-सहा भोके पाडली, फोटो काढले आणि गेले. अशी भोके पाडून सळया तशाच सोडल्या, तर मालक पंधरा दिवसांत खालून प्लाय लावून काँक्रीट भरतो आणि स्लॅब पुन्हा उभा. म्हणून पथक गेल्यावर त्याच खिडकीतून फोटो घ्या आणि सळया कापल्या आहेत का, कॉलम शाबूत आहेत का, ते पाहा. सळया कापल्या नसतील किंवा कॉलम शाबूत असतील तर "निष्कासन अपूर्ण" असा चौथा अर्ज शिक्का मारून द्या, आणि भोके बुजवलेली दिसली तर पाचवा. पुन्हा बांधले तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४७५अ खाली फौजदारी कारवाई करता येते. त्यात किमान एक महिना कैद आहे. ती करण्याची मागणी पाचव्या अर्जात स्पष्ट शब्दांत लिहा.